मधल्या माणसाचा राजीनामा

प्रीतम घाडी घाटकोपरच्या एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायचं काम करतो. हात स्थिर, आणि स्वभाव त्याहून स्थिर. कुणी काही सांगायला लागलं की हातातलं काम न सोडता 'हो ना', 'बरोबर आहे', 'असं कसं केलं त्याने' एवढं म्हणत राहायची त्याला जुनी सवय. माणसाला तरी आणखी काय हवं असतं? लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही अनोळखी माणूस त्याच्या शेजारी बसतो, मन मोकळं करतो आणि हलका होऊन उठून जातो. प्रीतमने स्वतःचं मन कुठे मोकळं करावं, हे मात्र कधी कोणी विचारलेलं नाही.

त्याचे खरे मित्र दोनच. सर्वेश मेस्त्री आणि धोंडू गावकर. तिघं कांजूरमार्गच्या एकाच चाळीत वाढले, तिघांचे बाप एकाच गिरणीत होते, आणि तिघांच्या घरातून कोकणातली भजनं वारसाहक्काने आली. पुढे सर्वेश मुलुंडला राहायला गेला, धोंडू चेंबूरला, प्रीतम कांजूरलाच राहिला. पण चाळीजवळच्या मारुतीच्या देवळातलं भजनमंडळ काही सुटलं नाही. सर्वेश बुवा, म्हणजे पेटीवर बसून गाणारा आणि मंडळाचा मालक नसून मालकासारखा वागणारा. धोंडू पखवाजावर. प्रीतम झांजेवर, दोघांच्या बरोबर मधे.

हे मंडळ डबलबारीही करतं. आता डबलबारी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दोन मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवाने गायचं, मग दुसऱ्याने. नाव भजनाचं असलं तरी आतून सामना असतो, आणि समोरचा बुवा तुमची एक चूक मिळावी म्हणून कान टवकारून बसलेला असतो. मिळाली की आपल्या बारीत तो तिची अशी थट्टा करतो की मांडव हसतो. म्हणून आपल्या माणसाची चूक माइकवर कधी काढायची नाही. पखवाज चुकला तर बुवाने पेटीवर सांभाळून घ्यायचं, बुवा घसरला तर पखवाजाने झाकायचं. घरात काय वाटेल ते भांडा.

दत्तजयंतीला भांडुपला बारी होती. शेवटचा गजर चालू असताना धोंडूचा पखवाज लय सोडून पुढे पळायला लागला. सर्वेशने मान हलवली, डोळे मोठे केले, काही उपयोग होईना. त्याच्या गाण्याची ओळ तोंडातच राहायला लागली तेव्हा तो वैतागून बोलून गेला, तोंडासमोर माइक आहे हे विसरून, "पखवाज, जरा दमानं. गाडी चुकणार आहे काय?"

समोरच्या बुवाला आणखी काय हवं होतं? पुढची अख्खी बारी त्याने त्या गाडीवर काढली. आमचा पखवाज बघा कसा बसलाय, त्याला कुठेही जायचं नाही, असं म्हणून टाळ्या घेतल्या. धोंडूचे सासरे पहिल्या रांगेत होते. धोंडूने पखवाजाला खोळ घातली आणि कोणाशी न बोलता रिक्षा पकडली.

हे एवढंच झालं. पण एवढंच कधी एवढंच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रीतमच्या डब्याचं झाकण निघायच्या आत सर्वेशचा फोन आला. धोंडू सुधारायला तयार नाही, त्याला पखवाजाचा माज आलाय, बुवा काय झक मारायला बसतो का, वगैरे. प्रीतम भाजीचा घास घेत म्हणाला, हो ना. संध्याकाळी धोंडूचा. माझी इज्जत काढली त्याने, सासऱ्यांसमोर, इतकी वर्षं साथ केली तिची ही किंमत. प्रीतम म्हणाला, हो ना यार, माइकवर नको होतं बोलायला. दोघांनाही बरं वाटलं. खरं सांगायचं तर प्रीतमलाही बरं वाटलं. दोन भांडणाऱ्या माणसांना आपल्याशिवाय चालत नाही, ही भावना वाईट नसते. पहिले काही दिवस तो फोनची वाटसुद्धा बघायचा.

पण ओकून टाकलं की पोट साफ होतं, तसं रागाचं होत नाही हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. सर्वेश रोज तीच हकीकत सांगायचा आणि रोज ती थोडी जास्त धारदार व्हायची. सुरुवातीला धोंडू 'पळाला' होता, मग 'मुद्दाम पळाला', मग 'समोरच्या बुवाशी आतून मिळालेला' झाला. धोंडूच्या हकीकतीत माइकवरचं एक वाक्य वाढत वाढत अर्ध्या तासाचं भाषण झालं. आणि दोघंही शेवटी म्हणायचे, "तुला तर माहीतच आहे तो कसा आहे, तू पण तेच म्हणालास ना."

प्रीतमने निरोपही नेऊन पाहिले. सर्वेश एकदा थकल्या आवाजात म्हणाला होता, "जाऊ दे रे, मला पण नव्हतं बोलायचं तसं." प्रीतमला वाटलं, सापडलं. त्याने धोंडूला सांगितलं, सर्वेशला वाईट वाटतंय, तो माफी मागायला तयार आहे. धोंडू दोन दिवस वाट बघत बसला. माफीचा फोन आला नाही, कारण सर्वेशने माफी मागतो असं कधी म्हटलंच नव्हतं. ती प्रीतमने स्वतःच्या पदरची घातली होती. मग धोंडू आणखी चिडला, आणि सर्वेशला हे कळल्यावर तो प्रीतमवर चिडला, की माझ्या नावावर तू माफ्या कशाला वाटतोस. चांगलं करायला गेला आणि आगीत तेल ओतून आला.

त्यानंतर निरोप बंद झाले, पण फोन नाही. तालमीला दोघं यायचे, कारण हनुमान जयंतीला देवळात स्वतःच्या मंडळाचं भजन होतं आणि ते चुकवणं म्हणजे चाळीत तोंड दाखवायला जागा नाही. पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. "प्रीतम, त्याला सांग, सूर काळी दोनमध्ये घेतोय." "प्रीतम, विचार त्याला, अभंग किती वेळ." दोघांत अंतर किती, तर प्रीतमच्या मांडीएवढं.

मग एका बाईंच्या चष्म्याचं झालं. सर्वेशचा फोन कानाला आणि खांद्याला दाबून प्रीतमने एक फ्रेम पुरी केली. उजव्या डोळ्याची काच डावीकडे, डाव्याची उजवीकडे. त्या बाई चष्मा लावून दुकानाची पायरी उतरताना अडखळल्या आणि दाराचा कठडा धरून कशाबशा सावरल्या. लागलं नाही. पण मालकाने ती फ्रेम प्रीतमच्या टेबलावर परत आणून ठेवली. इतक्या वर्षांत प्रीतमच्या हातून अशी चूक झाली नव्हती.

घरी आल्यावर त्याने निधीला सांगितलं. निधी त्याची बायको. गेले काही महिने नवऱ्याचा फोन वाजला की ती टीव्हीचा आवाज वाढवत होती.

"तू त्यांचं भांडण जिवंत ठेवलंयस," ती म्हणाली.

"मी? मी तर मिटवायला बघतोय."

"त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच काय? सगळी वाफ तुझ्याकडे सोडून मोकळे होतात. आणि तू दोघांनाही हो ना, हो ना करतोस. दोघांना वाटतं तू त्यांच्या पार्टीत. उद्या दोघांनी तुझे हो ना जुळवून बघितले तर?"

प्रीतमने जेवता जेवता ताट बाजूला सरकवलं. ही गोष्ट त्याच्या मनात कधी आलीच नव्हती. दोघांपैकी एकाला जरी कळलं की प्रीतम दुसऱ्यालाही तेच म्हणत होता, तर दोघंही जातील. आणि तोंड उघडून आता पुरे म्हटलं, तरी दोघंही जाऊ शकतात. चाळीस वर्षांची दोस्ती दोन्हीकडून कात्रीत सापडली होती.

"मग काय सांगू त्यांना, भांडू नका?"

"भांडू देत की. तुझ्या कानात नको, एवढं सांग. तुझ्यापुरतं बोल."

तुझ्यापुरतं बोल. प्रीतमने पुढचे काही दिवस काचा घासताना हे वाक्य मनात घोळवलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, कारण तिथे कोरसची पोरं असतात आणि लिहिलेल्या शब्दाला प्रत्येक जण आपापला आवाज देतो. फोनवरही नाही. दोघांना एकत्र बसवायचं नाही, ते पंचायत झाली. वेगवेगळं भेटायचं, पण शब्द दोघांना तेच सांगायचे. कोण कसा चुकला याबद्दल अक्षर काढायचं नाही, नाहीतर भांडणात पुन्हा एक पाय आत. आणि कारण विचारलं तर कारणांची माळ लावायची नाही. एकेक कारण खोडून काढायला सर्वेशला फार वेळ लागत नाही. वाक्यं त्याने निधीला म्हणून दाखवली. तिने दोन ठिकाणी 'प्लीज' आणि तीन ठिकाणी 'सॉरी' काढायला लावलं.

शनिवारी तो मुलुंडला गेला. सर्वेश एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो, शनिवारी लवकर सुटतो. शाळेजवळच्या उडप्याकडे दोघं बसले. सर्वेशने इडली यायच्या आत सुरुवात केली, "काल त्याने ग्रुपवर बघितलंस काय टाकलं? मुद्दाम..."

"सर्वेश, थांब जरा. मला काहीतरी बोलायचंय." प्रीतमने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "तू माझा जवळचा माणूस आहेस, आणि राहणार आहेस. पण धोंडूबद्दल मी यापुढे काही ऐकणार नाही. निरोप नेणार नाही, आणणार नाही. कोण बरोबर ते सांगणार नाही. हे ऐकून ऐकून माझं कामात लक्ष लागत नाही, आणि तुझा फोन आला की मला धास्ती वाटते. ती मला नको आहे. उद्या हेच मी धोंडूलाही सांगणार आहे, याच शब्दांत. बाकी तू मला काहीही सांग, कधीही."

इडली आली, ती दोघांच्या मधे तशीच राहिली.

"म्हणजे तू त्याच्या साइडने."

या वाक्याची प्रीतमने तयारी केली होती. खरं तर उत्तर न द्यायची तयारी केली होती. "नाही. पण तुला तसं वाटलं तर मी वाद नाही घालणार."

"इतके दिवस तर हो ना, हो ना करत होतास."

"करत होतो. ते चुकलं माझं. ऐकतोय म्हणजे पटतंय, असं तुला वाटलं असणार. मी दोघांचं ऐकत होतो, सर्वेश. म्हणून आता कोणाचंच नाही."

सर्वेशने इडलीचा एक तुकडा मोडला, सांबारात बुडवला आणि खाल्ला नाही. बिल त्याने दिलं, आणि निघताना "बघू" एवढंच म्हणाला. प्रीतम परत येताना त्या 'बघू'चा अर्थ लावत राहिला. पण छातीवरचा दगड थोडा सरकला होता खरा.

रविवारी चेंबूर. धोंडू पवईच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, मोजकं बोलणारा माणूस. बोलतो ते फक्त सर्वेशबद्दल, असं गेल्या काही महिन्यांत झालं होतं. बागेच्या कट्ट्यावर प्रीतमने तीच वाक्यं म्हटली, त्याच क्रमाने. धोंडूने सगळं ऐकून घेतलं.

"त्याला सांगितलंस?"

"काल. हेच."

"तो काय म्हणाला?"

प्रीतमच्या जिभेवर उत्तर आलंच होतं. त्याने ते गिळलं. "ते त्याला विचार."

धोंडू "बरं" म्हणाला, चप्पल घातली आणि निघून गेला. सर्वेशच्या रागापेक्षा हे 'बरं' प्रीतमला जास्त लागलं.

मग परीक्षा सुरू झाली. सर्वेशचा सोमवारी फोन. "त्याच्याबद्दल नाही बोलत हां. पखवाजाबद्दल बोलतोय. पखवाजाच्या चामड्यावरची शाई सुटलीय असं नाही वाटत तुला?"

"पखवाज काय एकटा वाजतो का रे? ते वाजवणाऱ्याला विचार. आईंच्या गुडघ्याचं काय झालं?"

"गुडघ्याचं ठीक आहे. पण ऐक ना..."

"सर्वेश, ठेवतो. उद्या बोलू." आणि प्रीतमने खरंच फोन ठेवला. तो पाणी प्यायला आणि मग त्याने काच मशीनला लावली.

दोन दिवसांनी सर्वेशने नवीन युक्ती काढली. शाळेतल्या दोन शिक्षकांची गोष्ट सांगायला लागला, एक गातो आणि एक तबला वाजवतो. प्रीतमला हसू आलं. "त्यातला गाणारा मुलुंडला राहतो का?" सर्वेशलाही हसू आवरेना. गेल्या कित्येक महिन्यांत दोघं फोनवर एकत्र हसले नव्हते. पण त्याच आठवड्यात त्याने निधीला गाठलं. वहिनी, तुम्हीच समजवा त्याला, मी एवढंच म्हणतोय की... निधी म्हणाली, "भावोजी, याबद्दल माझ्याकडेही तेच उत्तर आहे. पुरणपोळी करतेय शुक्रवारी, या." तो आला नाही.

प्रत्येक वेळी एकच छोटं वाक्य म्हणायचं, दुसरा विषय काढायचा, आणि नाही थांबला तर ठेवून द्यायचं. रागवायचं नाही, समजावायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पाचव्या-सहाव्या वेळी 'ऐकून टाकू एकदाचं' असं प्रीतमला फार वाटलं. मात्र एकदा ऐकलं असतं तर पुढच्या वेळी आणखी जोर लावायला सर्वेश मोकळा. त्याने नाही ऐकलं. मग फोन कमी झाले आणि प्रीतमच्या लक्षात आलं की त्याला करमत नाहीये. डबा खाताना खोली शांत. आपण कोणाला नकोसे झालो की काय? एकदा तर त्याने स्वतःच धोंडूचा नंबर काढला, सर्वेशने तुला काही फोनबिन केला का, एवढंच विचारायला. अंगठा बटणावर असताना त्याला कळलं की राजीनामा दिलेला माणूस स्वतःच ऑफिसात डोकावतोय. त्याने फोन उलटा ठेवला.

हनुमान जयंती दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा एका दुपारी धोंडू अचानक दुकानात आला. मागच्या खोलीत स्टूल ओढून बसला.

"मी त्याच्याबद्दल बोलायला नाही आलो," तो म्हणाला.

"मग बस की. चहा?"

धोंडूने उजवा हात पुढे केला आणि बोटं उघडी-मिटी करून दाखवली. करंगळी आणि शेजारचं बोट उशिरा मिटत होती. "ही दोन बोटं बधिर होतात. दिवाळीपासून. मानेत नस दबलीय म्हणतो डॉक्टर. वाजवायला बसलं की थोड्या वेळाने हाताला शाई लागते की नाही तेच कळत नाही." तो खाली बघत होता. "भांडुपला गजर सुरू झाला तेव्हाच मुंग्या यायला लागल्या होत्या. मला वाटलं, बोटं जायच्या आत संपवून टाकावं. म्हणून पळालो. माका भीती वाटता रे, प्रीतम. पखवाज गेलो तर माझ्याकडे काय ऱ्हवता?"

प्रीतमने हातातली फ्रेम खाली ठेवली. इतके महिने हा माणूस रोज संध्याकाळी फोन करत होता, तासन्‌तास बोलत होता, आणि एवढी मोठी गोष्ट त्यात कुठे नव्हती. सर्वेशने सगळी जागा अडवली होती. प्रीतमने विचारलंही नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"डॉक्टर काय म्हणतात, बरं होईल?"

"फिजिओथेरपी करा म्हणतात. मी गेलो नाही अजून."

"उद्या जाऊ. मी येतो." प्रीतमने लगेच मालकाला विचारून सुट्टी टाकली.

धोंडूचा चेहरा थोडा सैल झाला. मग तो म्हणाला, "आणि तू सर्वेशला सांग ना हे. तुझं ऐकेल तो. मी सांगायला गेलो तर म्हणेल बहाणे करतोय."

आता हा क्षण असा होता की कोणीही चुकला असता. एक फोन, दोन मिनिटं, आणि अख्खं भांडण संपलं असतं. सर्वेश मनाचा वाईट नाही. बोटांचं ऐकलं असतं तर तो रडलाच असता. आणि प्रीतम सगळ्यांचा तारणहार ठरला असता. त्याला तो फोन करायची एवढी इच्छा झाली की त्याने हात मांडीखाली दाबून धरला. पण मागची माफी त्याला आठवत होती. सर्वेशने ऐकलं असतं ते प्रीतमच्या शब्दांत, आणि धोंडूकडे तो दया घेऊन गेला असता. धोंडूला तर दया सर्वात आधी झोंबते. आणि पुढच्या वेळी दोघांचं काही बिनसलं की दोघं पुन्हा याच स्टुलावर येऊन बसले असते.

"नाही, धोंडू. हे मी नेणार नाही."

"एवढं पण नाही करणार?"

"एवढंच नाही करणार. बाकी सगळं करेन. हात तुझा आहे, तूच सांग. हवं तर तू सांगताना मी तिथे बसेन. बोलणार नाही, पण बसेन."

धोंडू स्टुलावरून उठला. जाताना त्याने दार जरा जोरातच लावलं. प्रीतमला वाटलं, गेला हा. आपण नियम धरून बसलो आणि दोस्त घालवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू ठरल्या वेळी फिजिओथेरपीच्या दवाखान्याखाली उभा होता, तोंड फुगवून, हातात दोघांसाठी चहा घेऊन. पुढे दवाखान्याच्या सगळ्या वाऱ्यांना प्रीतम त्याच्याबरोबर गेला. मान कशी वळवायची, हात कुठपर्यंत न्यायचा, हे त्यानेही शिकून घेतलं. सर्वेशचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही.

जयंतीआधीच्या रविवारी सकाळी तालीम होती. कोरसची पोरं यायची होती, देवळाच्या सभामंडपात तिघंच. सर्वेश पेटीचा भाता बघत होता. प्रीतम झांजेच्या दोऱ्या घट्ट करत होता. धोंडूने पखवाज मांडीवर घेतला, परत खाली ठेवला, आणि प्रीतमकडे न बघता म्हणाला, "सर्वेश. माझी बोटं चालत नाहीयेत."

सर्वेशने मान वर केली. एवढ्या महिन्यांत स्वतःचं नाव धोंडूच्या तोंडून त्याने प्रथमच ऐकलं होतं.

धोंडूने सगळं सांगितलं. तुटक सांगितलं, मधे मधे थांबून, प्रीतमने सांगितलं असतं त्याच्या निम्म्यानेही नीट नाही. आणि सर्वेश रडलाबिडला नाही. तो भडकला.

"अरे मग तोंड नव्हतं तुला? दिवाळीपासून? मी काय परका आहे? बारी रद्द केली असती मी."

"म्हणूनच नाही सांगितलं. रद्द केली असतीस, आणि दुसरा पखवाज आणला असतास."

"कोणी सांगितलं तुला?"

"आणि तू माइकवर काय बोललास? सासऱ्यांसमोर?"

"माझ्या तोंडून निघून गेलं. मला काय कळणार तुझी बोटं? मला वाटलं तू मुद्दाम करतोयस. मी त्या रात्री झोपलो नाही."

"मग फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

इथे दोघं एकदम थांबले आणि सवयीने एकदम प्रीतमकडे वळले. "तू सांग रे," सर्वेश म्हणाला, "कोणाचं चुकलं?"

प्रीतम झांज खाली ठेवून उठला. "मी चहा सांगून येतो," तो म्हणाला.

चहावाला समोरच होता, पण प्रीतम मुद्दाम गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. पाठीमागे देवळातून दोघांचे चढे आवाज ऐकू येत होते. एकमेकांची नावं घेऊन, तू-तू करून, थेट. तो मारुतीच्या देवळाबाहेर चार ग्लास धरून उभा राहिला, एक पुजाऱ्याचा, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आत काय ठरेल ते ठरो. ते त्याच्याविना ठरत होतं.

तो आत आला तेव्हा सर्वेश धोंडूचा हात हातात घेऊन बोटं तपासत होता, डॉक्टर असल्यासारखा, आणि धोंडू त्याला वैतागून सांगत होता की ती नाही, ही दोन. चहाचा ग्लास घेताना सर्वेश म्हणाला, "तू याच्याबरोबर जात होतास म्हणे दवाखान्यात. म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

हीच ती जागा, जिची प्रीतमला इतके दिवस भीती वाटत होती. "नाही सांगितलं," तो म्हणाला.

सर्वेशने चहाचा एक घोट घेतला. मग खालच्या आवाजात, धोंडूला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "आणि मी याच्याबद्दल जे काय काय बोललो ते? समोरच्या बुवाशी मिळालाय वगैरे?"

"ते पण नाही सांगितलं."

सर्वेशच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलं ते प्रीतमला दिसलं. इतके दिवस या माणसालाही भीती वाटत होती, आपले शब्द पलीकडे गेले असतील याची. त्याच भीतीने तो धोंडूला फोन करत नव्हता, की काय?

"बरं केलंस," सर्वेश म्हणाला, आणि प्रीतमच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जास्तच जोरात. चहा सांडला.

पोरं आली. तालीम बसली. गजर धिम्या लयीत घ्यायचा, मधे एक फेरी कोरसवर सोडायची आणि तेवढ्यात धोंडूने हात सोडवायचा, असं दोघांनी आपापसात ठरवलं. प्रीतमला विचारलंही नाही. गजर चढत गेला. सर्वेश धोंडूकडे बघत गात होता, धोंडू सर्वेशकडे बघत वाजवत होता, आणि मधे बसलेल्या प्रीतमला डोळे मिटून घ्यायला कोणाची हरकत नव्हती. त्याने ते मिटले. इतकं हलकं त्याला कधीपासून वाटलं नव्हतं ते त्यालाही आठवेना, आणि त्या सुखात झांज कुठल्या कुठे गेली.

"प्रीतम," दोघं एका आवाजात ओरडले, "झांज कुठे चाललीय तुझी?"

"आलो, आलो," प्रीतम म्हणाला, आणि हसत हसत ठेका धरला.